निफ्टी ७३६ अंकांनी वर, तरी कॉल जागेवरच

*मी कराडला औषधांचं दुकान चालवतो, वय ५२. लोकसभेच्या निकालाच्या दिवशी, ४ जून २०२४ ला बाजार कोसळला तेव्हा बंद होता होता मी निफ्टीचा २४,००० चा जूनअखेरचा कॉल घेतला. अंदाज बरोबर निघाला. दुसऱ्या दिवशी निफ्टी सातशेहून जास्त चढला, पण माझा प्रीमियम वाढायच्या ऐवजी थोडा उतरलाच. ब्रोकरकडचा मुलगा एवढंच म्हणाला, "काका, विक्स पडला." पुढे महिन्याच्या मध्यावर एक मित्र म्हणाला, हिस्टॉरिकल व्होलॅटिलिटी २९ आहे आणि विक्स १३, म्हणजे ऑप्शन निम्म्या भावात मिळतायत, घेऊन टाक. तेव्हा घेतला नाही, पण डोक्यातून जात नाही. हा विक्स मोजतो तरी काय? १३ म्हणजे बाजार १३ टक्के पडणार का? आणि दोन आकड्यांतला खरा कोणता धरायचा?*
*— एक वाचक, कराड*

नमस्कार,

तुमच्या दुकानात विक्स मागितलं की निळी डबी निघते, बाजारात मागितलं की माणसाला थंडी वाजायला लागते. असो. तुमच्या कॉलपासूनच सुरुवात करतो, कारण बाकीच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं त्यातच आहेत.

कॉल म्हणजे निफ्टी ठरलेल्या भावाला घेण्याचा हक्क. तो ठरलेला भाव म्हणजे स्ट्राइक, हक्क संपण्याची तारीख म्हणजे एक्स्पायरी आणि हक्कासाठी मोजलेली रक्कम म्हणजे प्रीमियम. प्रीमियम ठरताना निफ्टी कुठे आहे, स्ट्राइक कुठे आहे, एक्स्पायरीला किती दिवस उरलेत आणि व्याजदर काय, हे सगळं सर्वांना माहीत असतं. माहीत नसते ती एकच गोष्ट: उरलेल्या दिवसांत निफ्टी किती हेलकावे खाणार. त्याबद्दल घेणारे आणि विकणारे भावाची घासाघीस करतात आणि एका प्रीमियमवर येऊन थांबतात. त्या प्रीमियमवरून सूत्र उलटं चालवलं की त्यांनी हेलकाव्यांचा किती अंदाज धरला होता तो आकडा निघतो. हीच इम्प्लाइड व्होलॅटिलिटी, सगळे जिला आयव्ही म्हणतात. म्हणजे आयव्ही कुणी मोजत नाही, ती भावातून काढली जाते.

आता ४ जूनची संध्याकाळ बघा. निफ्टी १,३७९ अंक, म्हणजे ५.९३ टक्के पडून २१,८८४.५० ला बंद झाला आणि निफ्टीच्या बऱ्याच ऑप्शनची मिळून आयव्ही सांगणारा इंडिया विक्स २६.७५ ला. दुसऱ्या दिवशी निफ्टी २२,६२०.३५ आणि विक्स १८.८८. तुमच्या २४,००० च्या कॉलची एक्स्पायरी २७ जूनची, म्हणजे हातात २३ दिवस. मी नेहमीच्या ब्लॅक-शोल्स सूत्रात हे आकडे घातले. व्याज ७ टक्के धरलं आणि आयव्हीच्या जागी सरळ विक्सच घेतला. प्रत्यक्षात प्रत्येक स्ट्राइकची आयव्ही थोडी वेगळी असते, त्यामुळे तुमच्या कॉन्ट्रॅक्ट नोटवरचे रुपये जुळणार नाहीत, पण गोष्ट तीच दिसेल.

४ जूनला बंद होताना कॉल निघतो ६९ रुपयांचा. ५ जूनला, निफ्टी ७३६ अंक वर गेल्यावर, निघतो ६२ चा. आता विक्स २६.७५ लाच राहिला असता तर काय झालं असतं म्हणून पुन्हा मांडलं, तर आकडा येतो १७२. तुमच्या अंदाजाने शंभर रुपये मिळवून दिले होते आणि आयव्हीने एका रात्रीत एकशेदहा काढून नेले. ब्रोकरकडचा मुलगा बरोबर बोलला, फक्त अर्ध्या वाक्यात.

तुमचा स्ट्राइक बाजारापासून २,१०० अंकांवर होता, म्हणून हे इतकं बोचलं. एवढ्या लांबच्या कॉलमध्ये आजची खरी किंमत शून्य असते, सगळी रक्कम आशेची असते. आणि आशेची किंमत हेलकाव्यांवर ठरते. तेवीस दिवसांत निफ्टी इतका उडेल असं लोकांना वाटेनासं झालं की ती किंमत वितळते, मग निफ्टी तुमच्याच दिशेने का जाईना.

४ जूनला लोक इतके का धास्तावले होते तेही आठवा. भाजपला २४० जागा मिळाल्या होत्या, स्वबळावर बहुमत नव्हतं, आणि सरकार कोण, कसं बनवणार यावर त्या रात्री काहीही ऐकायला येत होतं. ५ तारखेला मित्रपक्षांनी पाठिंब्याचं पक्कं केलं आणि धास्ती संपली. तुम्ही कॉल घेतला तो सगळ्यात महाग घटकेला. मालाचा अंदाज बरोबर होता, घेतलेला भाव चुकला.

आता विक्सबद्दल. मूळ कल्पना शिकागोच्या ऑप्शन एक्स्चेंजची, १९९३ ची. २००३ मध्ये त्यांनी मोजायची पद्धत बदलली आणि तीच पद्धत घेऊन आपल्या एनएसईने २००८ मध्ये इंडिया विक्स सुरू केला. एका ऑप्शनची आयव्ही घेण्याऐवजी निफ्टीच्या जवळच्या आणि पुढच्या एक्स्पायरीचे बरेचसे आउट-ऑफ-द-मनी, म्हणजे आजच्या भावाला वापरले तर काहीच हाती न येणारे, कॉल आणि पुट घेतात, ऑर्डर बुकात त्या क्षणाला खरेदी-विक्रीचे जे सर्वांत चांगले भाव लागलेले असतात त्यांच्यावरून हिशोब करतात आणि पुढच्या ३० दिवसांसाठी एकच आकडा काढतात. पुट म्हणजे ठरलेल्या भावाला विकण्याचा हक्क, आणि विक्समध्ये तेही असतात हे लक्षात असू द्या. आपल्याकडचे शेअर सांभाळायला पुट घेणारे मोठे फंड नेहमीच बाजारात असतात, लांबचे पुट त्यामुळे महागच राहतात, आणि विक्स निफ्टीच्या अगदी जवळच्या स्ट्राइकच्या आयव्हीपेक्षा सहसा थोडा वर दिसतो.

मापाची गंमत अशी की खिडकी ३० दिवसांची, पण आकडा वर्षाच्या हिशोबात सांगतात. बँक तीन महिन्यांच्या ठेवीवरही व्याज "वर्षाला सात टक्के" म्हणूनच सांगते, तसं. त्यामुळे १३ विक्स म्हणजे १३ टक्के पडणार, हे दोनदा चूक: १३ वर्षाचे आहेत, आणि पडण्याचे नाहीत. वर-खाली दोन्ही बाजूंचे आहेत.

वर्षावरून महिन्यावर यायला बाराने भागायचं नाही, बाराच्या वर्गमुळाने भागायचं, म्हणजे साधारण ३.४६ ने. कारण हेलकावे एकमेकांवर सरळ रचले जात नाहीत. आज एक टक्का वर, उद्या एक टक्का खाली, असं ते एकमेकांना खातात, आणि बेरीज होते ती त्यांच्या वर्गांची. १३ भागिले ३.४६ म्हणजे ३.७५ टक्के. निफ्टी २३,५०० ला असेल तर दोन्हीकडे सुमारे ८८० अंक. याचा अर्थ असा: ऑप्शनच्या भावात असं धरलंय की महिन्याभराने निफ्टी या ८८० अंकांच्या आत असण्याची शक्यता तीनात दोन, बाहेर असण्याची तीनात एक. तीनात एक म्हणजे थोडी नव्हे. एका दिवसाचं काढायचं तर वर्षात बाजार सुमारे २५२ दिवस उघडा असतो, त्याचं वर्गमूळ १५.८७. आपण तोंडी हिशोबाला १६ धरतो. विक्स १६ असला की दिवसाला एक टक्का, ३२ असला की दोन टक्के. एवढं पाठ असलं तरी पुरतं.

पण हा दिवसाचा आकडा सरासरीचा आहे आणि निकालासारख्या वेळी सरासरी फार फसवते. ३ जूनच्या संध्याकाळचं उदाहरण घेऊ. एक्झिट पोलच्या जोरावर निफ्टी ३.२५ टक्के चढून २३,२६३.९० ला बंद झाला होता आणि विक्स २०.९४ ला होता. १५.८७ ने भागलं तर दिवसाला १.३२ टक्के. म्हणजे उद्या निकालाच्या दिवशीही १.३२ टक्केच धरले होते का? मुळीच नाही. पुढच्या महिन्यात बाजाराचे साधारण २१ दिवस. १.३२ चा वर्ग १.७४, गुणिले २१, म्हणजे ३६.६. ही झाली महिन्याची एकूण शिधासामग्री. आता समजा निकाल सोडून बाकीचे २० दिवस सामान्य, ०.८ टक्क्यांचे. त्याचा वर्ग ०.६४, गुणिले २०, म्हणजे १२.८. उरले २३.८, ते सगळे एकट्या ४ जूनच्या वाट्याला. त्याचं वर्गमूळ ४.९ टक्के, म्हणजे सुमारे ११०० अंक. वर की खाली हे कुणालाच माहीत नव्हतं, पण उद्या अकराशे अंकांचा दणका बसू शकतो हे ऑप्शनच्या भावात आदल्या संध्याकाळीच लिहिलेलं होतं. बसला १,३७९ चा.

यातला ०.८ मी धरलेला आहे, बाजाराने सांगितलेला नाही. तुम्ही ०.७ किंवा १ धरलात तर उत्तर थोडं सरकेल. पण बजेट असो, रिझर्व्ह बँकेचं पतधोरण असो, हा हिशोब घरी पाच मिनिटांत होतो आणि "विक्स २१ म्हणजे काय" याचं उत्तर अंकांमध्ये मिळतं.

याच हिशोबातून विक्स निकालानंतर का कोसळतो तेही दिसतं. मोठा दिवस खिडकीतून मागे गेला की समोर उरतात ते सामान्य दिवस. जूनच्या मध्यावर विक्स तेराच्या आसपास आला तो म्हणूनच. बाजार शांत झाला म्हणून नव्हे, तर पुढे मोठी तारीख उरली नाही म्हणून. उलट मे महिन्यात विक्स चढला, तरी महिन्याच्या शेवटी निफ्टी सुरुवातीच्याच आसपास होता. २४ मे ला तर त्याने पहिल्यांदा २३,००० पाहिले. विक्स चढला की बाजार पडणार, असं सांगणाऱ्यांना तो महिना दाखवावा.

आता तुमच्या मित्राचा २९ चा आकडा. तो खोटा नाही, आणि कुठून आला हेही मला दिसतंय. हिस्टॉरिकल व्होलॅटिलिटी काढायची तर रोजच्या बंद भावावरून रोजचा टक्केवारीतला बदल काढायचा, गेल्या वीस दिवसांच्या बदलांचं प्रमाण विचलन घ्यायचं आणि २५२ च्या वर्गमुळाने गुणून वर्षाच्या मापात आणायचं. स्प्रेडशीटमध्ये बंद भाव B रकान्यात, बदल C रकान्यात:

```
C3:  =LN(B3/B2)
D22: =STDEV.S(C3:C22)*SQRT(252)
```

C3 चं सूत्र C22 पर्यंत खाली ओढा, D22 ला टक्केवारीचं रूप द्या, झालं. घरी एकदा हाताने करून बघा, ॲपवरचा आकडा मग तितका थोर वाटत नाही.

जूनच्या मध्यावरच्या वीस दिवसांत तीन दिवस होते: ३ जूनचे ३.२५ टक्के, ४ जूनचे वजा ५.९३, ५ जूनचे ३.३६. तिघांचे वर्ग मिळून ५७. बाकीचे सतरा दिवस ०.८ टक्क्यांचे धरले तर त्यांचे सगळ्यांचे वर्ग मिळून ११ सुद्धा भरत नाहीत. एकूण ६८, भागिले २०, वर्गमूळ १.८४, गुणिले १५.८७, आणि आले २९. वीस दिवसांचा आकडा म्हणतात खरा, पण पाचातले चार हिस्से एकट्या तीन दिवसांनी भरलेत.

आणि खरी मजा पुढे आहे. जुलैच्या पहिल्या आठवड्यात हे तीन दिवस एकेक करून वीस दिवसांच्या खिडकीबाहेर पडतात. त्या दिवशी बाजारात काहीही घडलेलं नसतं, आणि हिस्टॉरिकल व्होलॅटिलिटी २९ वरून १३ वर येते, कारण उरलेल्या ०.८ टक्क्यांच्या दिवसांचा आकडा तेवढाच होतो. तुमच्या मित्राच्या न्यायाने ऑप्शन जूनमध्ये निम्म्या भावात होते आणि जुलैत पूर्ण भावात. प्रत्यक्षात भाव जागचा हलला नाही, फक्त जुनी पानं गळाली. कुठल्याही ॲपवर हा आकडा दिसला की आधी खिडकी किती दिवसांची ते बघा, आणि त्या दिवसांत एखादा राक्षस दडलाय का ते.

तुमच्या गावाकडचं सांगतो. कोयनेतून विसर्ग वाढवल्याची बातमी आली की नदीकाठच्या पेठेत माल हलवायला टेंपोवाला दुप्पट भाडं सांगतो. दुकानाच्या भिंती तेव्हा कोरड्या ठाक असतात. पाणी ओसरल्यावर भिंतीवर ओलीची रेघ छातीपर्यंत दिसते, तेव्हा टेंपो पुन्हा नेहमीच्या भाड्यात मिळतो. भिंतीवरची रेघ बघून "टेंपो स्वस्त झाला, बोलावून ठेवू" असं तुम्ही म्हणणार नाही. मित्राने नेमकं तेच म्हटलं. मे अखेरीस उलटी चूक करता आली असती: मागचे दिवस शांत, विक्स २४ च्या पुढे, "ऑप्शन फार महाग, विकून टाक". विकणाऱ्याला ४ तारखेला कळलं की ते महाग नव्हते.

मग तुलना करायचीच नाही का? करायची, पण एकाच काळाची. आजचा विक्स पुढच्या ३० दिवसांबद्दल बोलतो, आजची हिस्टॉरिकल मागच्या वीस दिवसांबद्दल. दोघांची गाठ पडायची तर एका महिन्यापूर्वीचा विक्स घ्या आणि त्याच्याशेजारी आज, म्हणजे तो महिना सरल्यावर, मोजलेली व्होलॅटिलिटी ठेवा. असं दोन-तीन वर्षांचं मांडलंत तर बहुतेक महिन्यांत विक्स वर आणि प्रत्यक्ष हेलकावे खाली दिसतील. विकणारा जोखीम घेतो त्याचा मोबदला त्या फरकात असतो. घेणाऱ्याने हा खर्च गृहीत धरूनच घ्यायचं, जसं विम्याच्या हप्त्यातला काही भाग परत येत नाही हे धरतो.

हे वाचून "मग विकलेलंच बरं" असं मनात आलं असेल तर फेब्रुवारी २०२० कडे बघा. महिन्याच्या मध्यावर विक्स चौदाच्या आसपास होता, म्हणजे महिन्याभरासाठी चार टक्क्यांचा अंदाज. १४ फेब्रुवारीला १२,११३ ला असलेला निफ्टी १६ मार्चला ९,१९७ ला होता, २४ टक्के खाली. अंदाजाच्या सहापट. त्यानंतर आठवड्याभराने, २३ मार्चला, तो एका दिवसात १३ टक्के पडला. विक्स ऐंशीच्या पुढे गेला तो त्यानंतर. मघाशी मी सांगितलेलं तीनात दोनचं गणित घंटेच्या आकाराच्या वक्रावर चालतं आणि बाजाराच्या वक्राच्या दोन्ही कडा त्यापेक्षा जाड असतात. सहापटीचा महिना त्या गणितात कधी येतच नाही, आणि इथे आला. कित्येक महिने थोडा थोडा जमवलेला मोबदला विकणाऱ्याने अशा एका महिन्यात परत केला, वर घरचे घातले. दुकान सांभाळून दुपारी मोबाईलवर बघणाऱ्या माणसाने उघडे ऑप्शन, म्हणजे बचावाला दुसरं काही हातात नसताना, विकू नयेत हे माझं स्पष्ट मत आहे.

घ्यायचेच असतील तर पुढच्या वेळी तीन गोष्टी बघा. विक्सवरून महिन्याचा पल्ला अंकांत काढा आणि तुमचा स्ट्राइक त्याच्या आत आहे का ते बघा. ४ जूनला २६.७५ विक्सवरून महिन्याचा पल्ला ७.७ टक्के, म्हणजे सुमारे १,७०० अंक निघत होता, आणि तुमचा स्ट्राइक त्याच्याही पलीकडे होता, तोही महिन्याहून कमी दिवसांचा. दुसरं, तो विक्स कुठल्या तारखेमुळे फुगलाय आणि ती तारीख तुमच्या हातात असताना जाणार आहे का. आणि तिसरं, फुगलेल्या वेळी दिशेवर पैसे लावायचेच असतील तर नुसता कॉल घेण्यापेक्षा जवळचा कॉल घेऊन लांबचा विकावा. आयव्ही उतरली की घेतलेल्याचं नुकसान विकलेल्यातून काही अंशी भरून निघतं. यात नफ्याला छत लागतं, पण तोच जवळचा कॉल नुसता घेण्यापेक्षा जास्तीत जास्त तोटाही कमी राहतो.

तुम्ही तो कॉल ५ तारखेला काढून टाकलात की धरून ठेवलात, ते लिहिलं नाहीत. धरला असता तर २७ जूनला निफ्टी २४,०४४.५० ला बंद झाला, तुम्ही घेतला तेव्हापेक्षा २,१६० अंक वर, आणि कॉलचे हातात आले असते ४४ रुपये. वरच्या हिशोबाप्रमाणे घेतला होता ६९ ला.